फाईलच्या नावातला महिना नेमका कोणता?

*आम्ही पाच जण दर महिन्याला विक्रीचा अहवाल तयार करतो. मागच्या बैठकीत जूनचा अहवाल म्हणून मी आकडे वाचायला घेतले आणि निम्म्यात लक्षात आलं की ते मे महिन्याचे आहेत. फोल्डरमध्ये चार फायली होत्या:* `Vikri_June.xlsx`, `Vikri_June_final.xlsx`, `Vikri_June_final_new.xlsx` *आणि* `Copy of Vikri_June_final.xlsx`. *ज्यांनी फाईल उघडून दिली ते म्हणतात, "मी जूनचीच उघडली." लोक नीट बघत नाहीत, याचाच मला राग येतो. 'फायनल' हा शब्द कुणी आणि कधी लिहायचा, याचा कडक नियम करू का? की बारा महिने एकाच फाईलमध्ये बारा शीटवर ठेवून द्यावेत?*

*– एक वाचक*

तुमचे सहकारी म्हणाले, "मी जूनचीच उघडली." हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण ते अगदी खरं असू शकतं. मे महिन्याचा अहवाल मेमध्ये तयार होत नाही. महिना संपतो, नोंदी येतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी तो करायला बसतं. त्या माणसाने फाईलला 'जून' नाव दिलं, कारण त्याच्यासमोरच्या कॅलेंडरवर जून होता. तुम्ही 'जून' वाचलं आणि जूनची विक्री समजलात. दोघांनीही नीट बघितलं होतं, पण एकाच शब्दाचे दोन अर्थ घेतले.

म्हणून राग थोडा बाजूला ठेवा आणि आधी एक छोटी चाचणी घ्या. पाचही जणांना वेगवेगळं विचारा: "ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपण जो अहवाल करणार, त्याच्या नावात कोणता महिना लिहाल?" उत्तरं एकमेकांसमोर घेऊ नका, नाहीतर पहिल्याचं ऐकून बाकीचे तेच म्हणतील. पाच जणांत एकाचंही उत्तर वेगळं आलं, तर तुमची अडचण 'फायनल' या शब्दाच्या आधीच सुरू होते.

माझं मत ठाम आहे: नावात महिना लिहायचा तो आकड्यांचा, अहवाल बनवण्याचा कधीच नाही. बनवण्याची तारीख संगणक आपोआप ठेवतो, आकडे कोणत्या महिन्याचे आहेत हे त्याला कळत नाही. जे त्याला कळत नाही तेच नावात हवं. आणि संगणकाने ठेवलेल्या तारखेवरून महिना ओळखायला जाऊ नका. विंडोजमध्ये फाईलची प्रत केली की `Date created` नवी होते आणि `Date modified` जुनीच राहते. उलट, कुणी जुनी फाईल नुसती बघायला उघडली आणि बंद करताना विचारल्यावर 'सेव्ह' केली, की `Date modified` आजची होते. `TODAY()` सारखं सूत्र आत असेल तर काहीही न बदलता एक्सेल सेव्ह करायचं का असं विचारतं, आणि बरेच जण सवयीने 'हो' म्हणतात. मग मार्चची फाईल यादीत सगळ्यांत 'ताजी' दिसू लागते.

आता नाव कसं लिहायचं ते. तुमच्या जूनच्या अहवालाला मी हे नाव देईन:

```
2025-06_vikri_v01.xlsx
```

आधी वर्ष, मग दोन आकडी महिना, मग विषय, शेवटी आवृत्ती. तारखा लिहिण्याचं आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ साली आलं, त्यातही वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असाच क्रम आहे. याचा रोजचा फायदा म्हणजे नावानुसार लावलेली यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं तर काय होतं बघा. मराठीत नावं दिली तर क्रम असा लागतो: एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून, डिसेंबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मार्च, मे, सप्टेंबर. इथे जुलै आणि जून शेजारी, मार्च आणि मे शेजारी. इंग्रजी नावांतही या दोन्ही जोड्या एकमेकींना चिकटूनच येतात. चुकून शेजारच्या ओळीवर क्लिक होतं, आणि शेजारची ओळ दिसायलाही जवळजवळ तशीच असते. अशी गफलत सावधपणे काम करणाऱ्यांकडूनही होते.

महिना दोन आकडी का, असं कुणी नक्की विचारेल. विंडोजची फोल्डरची खिडकी `2` नंतर `10` असा शहाणा क्रम लावते, पण तीच फाईल दुसऱ्या ठिकाणी ठेवली की क्रम अक्षरागणिक लागू शकतो आणि `10` हा `2` च्या आधी येतो. `02` लिहिलं की कुठेही तेच. आणि वर्ष-महिन्याच्या मध्ये आडवी रेघ हवी, तिरकी नाही, कारण तिरकी रेघ विंडोज फाईलच्या नावात घेतच नाही. फाईलचं नाव देवनागरीत ठेवायलाही हरकत नाही, फक्त आकडे एकाच लिपीतले ठेवा. काही फायलींवर `06` आणि काहींवर `०६` असं झालं की महिने एका ओळीत राहतील याचा भरवसा नाही.

महिना नावाच्या सुरुवातीला ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. जागा कमी पडली की लांब नावाची शेपटी कापली जाते. तुमचं वेगळेपण शेपटीत असेल तर फोनवर किंवा अरुंद रकान्यात चारही फायली सारख्याच दिसतात.

काही जण म्हणतील, महिन्याचं फोल्डर आहे ना, मग फाईलच्या नावात महिना कशाला? फोल्डर जरूर ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. फाईल मेलला जोडली, की फोल्डर मागे राहतं आणि हातात उरतं नुसतं `Vikri.xlsx`. शिवाय एक्सेल एकाच नावाच्या दोन फायली एका वेळी उघडू देत नाही, त्या वेगळ्या फोल्डरमध्ये असल्या तरी. मे आणि जून शेजारी ठेवून पडताळायची वेळ आली की नेमकं तिथेच अडतं, आणि मग कुणीतरी घाईत एका फाईलचं नाव बदलून 'नवी' करून ठेवतं. माझ्या एका जुन्या नोकरीत अशाच घाईत तयार झालेली एक प्रत पुढे तीन महिने खरी समजून वापरली गेली. ती शोधताना मी दोन रात्री घालवल्या, त्यामुळे या मुद्द्यावर मी जरा आग्रहाने बोलते.

आठवड्याचा अहवाल करणाऱ्यांनी आठवड्याचा क्रमांक न लिहिता आठवड्याच्या पहिल्या दिवसाची तारीख लिहावी, जसं `2025-06-02`. आयएसओच्या पद्धतीत ३० डिसेंबर २०२४ हा दिवस २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मोडतो, आणि वर्ष बदलताना त्यावरून हमखास गोंधळ होतो.

आता 'फायनल'. यावर नियम करू नका, हा शब्दच काढून टाका. फाईलला 'फायनल' नाव देताना माणूस खोटं बोलत नसतो. त्या क्षणी ती शेवटचीच असते. तासाभराने एक दुरुस्ती येते, आणि आता 'फायनल' नंतर काय लिहायचं यासाठी शब्द उरत नाही. म्हणून 'नवी', 'एकदम शेवटची' असे शेपूट वाढत जातं. `v01`, `v02` यांना पुढचा आकडा कायम मिळतो. आकडा कधी वाढवायचा? दर वेळी सेव्ह करताना नको, नाहीतर महिन्याला चाळीस फायली होतील. फाईल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली, की आकडा वाढवायचा. तुम्ही तपासायला दिली ती `v01`, तपासून परत आली ती `v02`.

आणि 'शेवटची कोणती' या प्रश्नाचं उत्तर नावाने न देता जागेने द्या. `Pathavlele` नावाचं एक फोल्डर करा. त्यात प्रत्येक महिन्याची तीच आवृत्ती जाईल जी खरोखर पाठवली गेली, आणि शेजारी तिची पीडीएफ. त्या फोल्डरमधल्या फाईलला नंतर कुणीही हात लावायचा नाही. गुणधर्मांत जाऊन `Read-only` ची खूण करून ठेवली तर चुकून होणारं सेव्ह थांबतं, हेतुपुरस्सर बदल मात्र त्याने थांबत नाही, हे लक्षात असू द्या. पाठवल्यावर चूक सापडली तर पाठवलेली `v03` दुरुस्त करून त्याच नावाने ठेवायची नाही. `v04` करायची, ती पाठवायची, आणि दोन्ही तिथेच राहू द्यायच्या. कुणाच्या मेलमध्ये `v03` असेल आणि तुमच्याकडच्या `v03` मध्ये वेगळा आकडा असेल, तर त्याहून वाईट अवस्था नाही.

तुमच्यापैकी सगळे एकच फाईल ऑनलाइन उघडून काम करत असाल तर `v01`, `v02` च्या प्रती काढूच नका. गूगल शीट्समध्ये `File` → `Version history` → `Name current version` इथे जाऊन पाठवताना त्या अवस्थेला "पाठवली, पहिली वेळ" असं नाव द्या. फाईलच्या नावात मात्र महिना तसाच राहील.

इथवर जे सांगितलं ते सोपं आहे. खरी खोल चूक नावाच्या आत असते, आणि ती नीट नाव दिलेल्या फाईलमध्येही लपते. नवा अहवाल कसा सुरू होतो? मागच्या महिन्याची फाईल उघडायची, वेगळ्या नावाने सेव्ह करायची आणि नवे आकडे चिकटवायचे. म्हणजे नाव बदललं त्या क्षणी `2025-06_vikri_v01.xlsx` या फाईलच्या पोटात पूर्ण मे महिना आहे. आता काम अर्धवट राहिलं, फोन आला, दुसऱ्या कुणी ती उघडली, तर नावात जून आणि आकडे मेचे. तुमच्या बैठकीत घडलं ते असंही घडलं असू शकतं.

याहून फसवा प्रकार अर्ध्या बदलाचा. समजा मेच्या ४१२ नोंदी होत्या आणि जूनच्या ३८७. जूनच्या नोंदी वरून चिकटवल्या की पहिल्या ३८७ ओळी बदलतात आणि खाली मेच्या २५ ओळी तशाच राहतात. एकूण बेरीज थोडी फुगते, पण इतकी नाही की कुणाला शंका यावी. शीर्षकात जून, पहिल्या पानावर जूनच्याच तारखा, आणि तळाशी मे.

म्हणून महिना तीन ठिकाणांहून वाचून एकमेकांशी ताडून बघावा: फाईलच्या नावातून, आतल्या एका ठरावीक सेलमधून आणि प्रत्यक्ष नोंदींच्या तारखांमधून. हे सूत्रांवर सोपवता येतं. फाईलमध्ये पहिली शीट `Mahina` नावाची ठेवा. तिच्या `B1` मध्ये महिन्याची पहिली तारीख हाताने लिहा, इथे १ जून २०२५. फाईलभरातली सगळी शीर्षकं याच सेलवरून येऊ द्या, कुठेही 'जून' हाताने टंकू नका, आणि शीर्षकात `TODAY()` तर मुळीच वापरू नका. ते वापरलं तर मार्चचा अहवाल जुलैमध्ये उघडल्यावर तो स्वतःला जुलैचा म्हणवतो.

मग `B2`, `B3` आणि `B4` मध्ये अनुक्रमे हे लिहा:

```
=MID(CELL("filename",A1),FIND("[",CELL("filename",A1))+1,7)
=TEXT(B1,"yyyy-mm")
=IF(B2=B3,"जुळलं","थांबा: नाव आणि महिना वेगळे")
```

पहिलं सूत्र फाईलच्या नावातली पहिली सात अक्षरं उचलतं, म्हणजे `2025-06`. दुसरं तुम्ही लिहिलेल्या तारखेतून तेच काढतं. तिसरं दोन्ही ताडून बघतं. महिना नावाच्या अगदी सुरुवातीला ठेवा असं मी म्हटलं, त्याचा फायदा इथेही मिळतो. डाउनलोड करताना नावाच्या शेवटी `(1)` लागलं तरी तपासणी बिघडत नाही. आणि कुणी `Copy of` ने सुरू होणारी प्रत उघडली, तर `B2` मध्ये `Copy of` एवढंच दिसतं, कारण तेही बरोबर सात अक्षरांचंच आहे, आणि लगेच 'थांबा' येतं.

नोंदींसाठी `B5` मध्ये, नोंदी `Data` शीटच्या पहिल्या रकान्यात तारखेसह आहेत असं धरून:

```
=IF(AND(MIN(Data!A:A)>=B1,MAX(Data!A:A)<EOMONTH(B1,0)+1),"जुळलं","थांबा: दुसऱ्या महिन्याच्या तारखा")
```

तळाशी उरलेल्या मेच्या त्या २५ ओळी इथे पकडल्या जातात, कारण सर्वांत जुनी तारीख १ जूनच्या आधीची निघते. शेवटी `+1` आणि 'पेक्षा कमी' असं का लिहिलं, तर तारखेसोबत वेळही नोंदलेली असेल तर ३० जूनच्या दुपारची नोंद नुसत्या ३० जूनपेक्षा मोठी ठरते, आणि बरोबर फाईललाही 'थांबा' आलं असतं.

या तपासणीच्या मर्यादा सांगते त्या लक्षात ठेवा, नाहीतर खोटा धीर मिळेल. फाईल एकदाही सेव्ह केलेली नसेल तर `B2` मध्ये `#VALUE!` दिसतं, ते सेव्ह केल्यावर जातं. मेलमधून थेट उघडलेली फाईल वर पिवळी पट्टी दाखवत असेल, तर एक्सेलने सूत्रं अजून मोजलेली नाहीत, दिसतं ते मागच्या वेळचं उत्तर असतं. `Enable Editing` दाबल्यावरच त्यावर विश्वास ठेवा. आणि तारखा मजकूर म्हणून आल्या असतील तर `MIN` त्यांच्याकडे बघतच नाही. `COUNT(Data!A:A)` आणि `COUNTA(Data!A:A)` यांत शीर्षकाच्या एका ओळीहून जास्त फरक असेल तर तेच झालं आहे असं समजा. गूगल शीट्समध्ये `CELL` नाव वाचून देत नाही, तिथे `B5` ची तपासणी तेवढी चालेल.

एक गोष्ट यातून सुटते: दुसऱ्या फाईलशी असलेले दुवे. तुमच्या अहवालात 'मागील महिना' असा रकाना असेल आणि तो आधीच्या फाईलमधून आकडे घेत असेल, तर फाईलची प्रत केल्यावर तो जुन्याच फाईलकडे बघत राहतो. जूनच्या फाईलमध्ये तो `2025-05` कडे बघतो ते ठीक, पण जुलैच्या फाईलमध्येही तो `2025-05` कडेच बघत असेल तर 'मागील महिना' म्हणून मे छापला जाईल. `Data` मेनूत `Edit Links` उघडा, नव्या एक्सेलमध्ये त्याला `Workbook Links` म्हणतात. तिथे फायलींची नावं दिसतात. नावं नीट असली की चूक एका नजरेत दिसते, आणि `Change Source` ने योग्य फाईल निवडता येते.

बारा शीट एका फाईलमध्ये ठेवण्याचा तुमचा विचार मला पटत नाही. शीटची प्रत केली की तिचं नाव `2025-05 (2)` असं होतं आणि तीच कहाणी फाईलच्या आत सुरू होते. शिवाय जूनवर काम करताना जानेवारीचा पाठवलेला आकडा चुकून बदलण्याची वाट मोकळी राहते. महिन्यांची तुलना हवी असेल तर सगळ्या नोंदींची एक सलग यादी करा, त्यात तारखेचा रकाना असू द्या, आणि अहवाल मात्र महिन्याला एक फाईल.

जुन्या फायलींची नावं उत्साहाने बदलू नका. दुसरी एखादी फाईल त्यांच्याशी जोडलेली असेल तर तो दुवा तुटतो, आणि ते आठवडाभराने वेगळ्याच जागी कळतं. त्या आहेत तशा, आहेत तिथेच राहू द्या आणि नव्या नावांसाठी शेजारी नवं फोल्डर उघडा. नव्या फोल्डरमध्ये `00_nave_kashi_dyavit.txt` अशी एक फाईल ठेवा. शून्यामुळे ती यादीत वर राहील. तिच्यात तीनच ओळी पुरेत: नावातला महिना आकड्यांचा, आकडा हात बदलल्यावर वाढतो, पाठवलेली प्रत `Pathavlele` मध्ये.

त्या चार फायलींचं आज काय करायचं? एकेक उघडा, शीर्षक न वाचता नोंदींच्या तारखा बघा आणि कागदावर लिहा. ज्या फाईलमध्ये १ ते ३० जूनच्या नोंदी असतील आणि शेवटी पाठवलेल्या मेलमधल्या एकूण आकड्याशी जिची बेरीज जुळेल, तिची प्रत `2025-06_vikri_v01.xlsx` नावाने नव्या फोल्डरमध्ये ठेवा. मेच्या नोंदी असलेली फाईल सापडली तर तिचीही प्रत `2025-05` नावाने तिथेच जाईल. आणि ज्या सहकाऱ्याने "मी जूनचीच उघडली" म्हटलं, त्यांना हे करताना शेजारी बसवा, कारण कोणती फाईल कधी केली हे कदाचित त्यांनाच आठवत असेल.